इसपू ६३ ते इस १४ म्हणजे नक्की किती वर्षं? माझ्या शीटमध्ये तीन प्रकारचे घोळ येतायत

पानउलटी :
नमस्कार मंडळी. रोमन सम्राटांची एक टाइमलाइन बनवतेय, हौस म्हणूनच, एक्सेलमध्ये. एका कॉलममध्ये जन्मसाल, दुसऱ्यात मृत्यूसाल, तिसऱ्यात वय. इसपू साल मायनस लावून टाकलंय आणि मृत्यूसालातून जन्मसाल वजा करतेय, एवढं साधं. पण पुस्तकातल्या वयाशी ताडून बघायला गेले तर काहीच जुळेना.

ऑगस्टस : इसपू ६३ ते इस १४. शीट म्हणतंय ७७, पुस्तकात ७५.
क्लॉडियस : इसपू १० ते इस ५४. शीट ६४, पुस्तकात ६३.
ज्युलियस सीझर (सम्राट नव्हता, माहितीये, पण त्याच्याशिवाय सुरुवात कशी करणार) : इसपू १०० ते इसपू ४४. शीट ५६, पुस्तकात ५५.
हेड्रियन : इस ७६ ते इस १३८. शीट ६२, पुस्तकात पण ६२!

म्हणजे कुठे दोनचा फरक, कुठे एकचा, कुठे काहीच नाही. शून्य साल नसतं वगैरे ऐकलंय पण मग सगळीकडे सारखाच फरक यायला हवा ना? का पुस्तकच चुकीचं आहे?

---

सरळसोट :
सोपंय. शून्य साल नाही त्यामुळे इसपू १ नंतर डायरेक्ट इस १ येतं. तुझं शीट मधे एक साल जास्तीचं मोजतंय. सगळ्या उत्तरांतून १ वजा कर, झालं काम.

---

पानउलटी :
@सरळसोट, करून बघितलं. ऑगस्टस ७६ येतो, पाहिजे ७५. हेड्रियन ६१ होतो, तो तर आधी बरोबर होता! सीझर आणि क्लॉडियस मात्र जुळले.

---

सरळसोट :
मग हेड्रियनला नको करू. तो आख्खा इसवी सनातच आहे, त्याच्या वाटेत शून्य येतच नाही. इसपू असलेल्यांनाच १ वजा. ऑगस्टसचं पुस्तकात चुकलं असेल.

---

जुनीपोथी :
पुस्तक बरोबर आहे. सरळसोट यांचं अर्धं बरोबर आहे, आणि सीझरचं उत्तर जुळलं तो निव्वळ योगायोग, त्याने फसू नका.

इथे दोन वेगवेगळ्या भानगडी एकत्र झाल्यात. एक शून्य सालाची, आणि दुसरी वाढदिवसाची, जिचा इसपूशी काडीचा संबंध नाही. दोन्हींमुळे उत्तर एकनेच वाढतं म्हणून शीटमध्ये बघून कुठली कुठली ते कळत नाही.

आधी सीझर घ्या. जन्म इसपू १०० च्या जुलैत, खून इसपू ४४ च्या १५ मार्चला. दोन्ही तारखा रेषेच्या एकाच बाजूला, म्हणजे इसपू १ आणि इस १ चा सांधा ओलांडलाच नाही, सरळ १०० वजा ४४ म्हणजे ५६. पण मार्चमध्ये गेला, जुलैचा वाढदिवस आलाच नव्हता, म्हणून ५५ पूर्ण. इथला एक वाढदिवसाचा.

आता क्लॉडियस. जन्म १ ऑगस्ट इसपू १०, मृत्यू १३ ऑक्टोबर इस ५४. वाढदिवस होऊन गेलेला, त्यामुळे तिकडून काही कापायचं नाही. पण सांधा ओलांडलाय. १० अधिक ५४ म्हणजे ६४, वजा १, म्हणजे ६३. इथला एक शून्य सालाचा.

ऑगस्टस मात्र दोन्हीकडून मार खातो. जन्म २३ सप्टेंबर इसपू ६३, मृत्यू १९ ऑगस्ट इस १४. ६३ अधिक १४ म्हणजे ७७, सांध्याचा एक गेला की ७६, आणि सप्टेंबरचा वाढदिवस महिन्याभरावर असताना गेला म्हणून ७५. ७५ पूर्ण, ७६ वं चालू.

हेड्रियन जानेवारीतला, गेला जुलैत. ना सांधा, ना वाढदिवस बाकी. म्हणून तुमचं शीट तिथे आपोआप बरोबर.

---

पानउलटी :
अरे वा, म्हणजे एकचे दोन वेगळे एक आहेत! हे डोक्यातच आलं नाही. पण एक विचारू का, हे "सांध्याचा एक" आपण फॉर्म्युल्याने म्हणतोय. खरंच तो माणूस ७५ वर्षं जगला हे त्या काळचं कोणी लिहिलंय का? नाहीतर पुस्तकवाल्यानेही हाच फॉर्म्युला लावला असेल आणि आपण त्याच्याशीच ताडून बघतोय.

---

जुनीपोथी :
रास्त शंका. आणि सुदैवाने याचं उत्तर आहे. स्वेटोनियसने ऑगस्टसचं चरित्र लिहिलंय इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तेव्हा इसपू-इस ही पद्धतच नव्हती, त्यामुळे त्याच्याकडे आपला घोळ असण्याची शक्यताच नाही. तो साल सांगतो कॉन्सलच्या, म्हणजे रोममध्ये दरवर्षी नेमल्या जाणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्यांच्या नावांनी, अमुक अमुक कॉन्सल असताना जन्मला, तमुक कॉन्सल असताना गेला. आणि वयाबद्दल म्हणतो की ७६ वं वर्ष पूर्ण व्हायला ३५ दिवस कमी होते.

आता मोजा. १९ ऑगस्टपासून ३१ ऑगस्टपर्यंत १२ दिवस, पुढे २३ सप्टेंबरपर्यंत २३. बेरीज ३५. दिवससुद्धा चोख बसतात. मधे जर एखादं शून्य साल खरंच होऊन गेलेलं असतं तर त्याने ७७ वं लिहिलं असतं.

---

टिवल्याबावल्या :
पण मला सांगा, येशूचा जन्मच इसपू ४ च्या आधीचा म्हणतात ना, कारण राजा हेरॉड तेव्हा वारला वगैरे. मग इस १ हेच मुळात चुकीच्या ठिकाणी आहे, तर ही सगळी गणितं चार-पाच वर्षांनी चुकणारच! मुळातच गडबड आहे.

---

जुनीपोथी :
नाही हो, तो प्रश्न वेगळा. खुंटी कुठे ठोकली हे चुकलं असेल, पण अंतर तर त्या खुंटीवरून दोन्हीकडे मोजलंय. खुंटी पाच वर्षं सरकवलीत तर ऑगस्टसचा जन्म आणि मृत्यू दोन्हींचे आकडे सारखेच सरकतील, अंतर तेवढंच राहील. येशूच्या जन्मसालाने ऑगस्टसचं वय बदलत नाही.

---

सरळसोट :
ओके वाढदिवसाचं मान्य. पण शून्य साल नसण्याचं कारण तरी हेच ना की युरोपात तेव्हा शून्यच माहीत नव्हतं? रोमन आकड्यांत शून्य नाही, मग शून्य साल कुठून येणार.

---

जुनीपोथी :
हे सगळीकडे वाचायला मिळतं आणि पूर्ण खोटंही नाही, पण खरं कारण ते नव्हे असं माझं मत.

ही गणना सुरू केली डायोनिसियस एक्झिगुअस नावाच्या साधूने, इस ५२५ मध्ये, ईस्टरच्या तारखांचं कोष्टक करताना. त्याच कोष्टकात चंद्राच्या वयाचा एक रकाना आहे आणि जिथे काहीच येत नाही तिथे त्याने "नुल्ला" म्हणजे काही नाही असं लिहिलंय. म्हणजे काही नसण्याची जागा भरायला त्याच्याकडे शब्द होता. पण वर्षं तो क्रमाने मोजत होता, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष. जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवसापासून पहिलं वर्ष चालू असतं, शून्यावं नाही, तसंच. शून्य माहीत असतं तरी "शून्यावं वर्ष" कुणी म्हटलं नसतं.

आणि त्याने मागे मोजलंच नव्हतं. मागे मोजण्याचा प्रकार पुढे बीड नावाच्या इंग्रज साधूने केला, ७३१ च्या त्याच्या इतिहासात, तोही ओझरता. "जन्माच्या आधीचं इतकावं वर्ष" असं. म्हणजे दोन्ही दिशांना पहिल्यापासूनच सुरुवात, आणि दोन पहिली वर्षं एकमेकांना चिकटलेली. कोणी मुद्दाम शून्य वगळलेलं नाही.

---

बॅकएंडवाला :
माझा वेगळाच किस्सा. एका म्युझियमच्या कॅटलॉगचा डेटाबेस सांभाळतो, तिथे नाण्यांच्या तारखा आहेत, इसपू पण. पोस्टग्रेस आहे. आता हे बघा, एकाच डेटाबेसला एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला :

```
SELECT age(timestamp '0014-08-19',
           timestamp '0063-09-23 BC');

SELECT extract(year FROM date '0014-08-19')
     - extract(year FROM date '0063-09-23 BC');
```

पहिली क्वेरी ७५ वर्षं १० महिने आणि वर काही दिवस देते, बरोबर. दुसरी ७७ देते. कारण आतमध्ये तो इसपू ६३ हे उणे ६२ असंच धरतो आणि वजाबाकी नीट करतो, पण तुम्ही नुसतं साल मागितलं की माणसाला वाचायला बरं म्हणून उणे ६३ करून हातात देतो, आणि मग आपण त्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की गेलो बाराच्या भावात. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येही सांभाळून करा म्हणून लिहिलंय, पण ते कोण वाचतंय. आमच्याकडे जुन्या डेव्हलपरने सगळे रिपोर्ट दुसऱ्या पद्धतीने काढलेले, आणि इसपूतून इस मध्ये जाणारी नाणी फार नाहीत म्हणून कुणाच्या लक्षात पण आलं नाही.

---

पानउलटी :
हे उणे ६२ काय प्रकरण आहे? इसपू ६३ म्हणजे उणे ६३ नको का?

---

खगोलवेडा :
इथे माझी एंट्री :)

खगोलवाल्यांनी शून्य साल ठेवलंय. इसपू १ म्हणजे ०, इसपू २ म्हणजे उणे १, असं करत इसपू ६३ म्हणजे उणे ६२. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक कासिनीने १७४० मध्ये छापलेल्या कोष्टकांत शून्य साल वापरलं आणि तारखांच्या आयएसओ ८६०१ या स्टँडर्डमध्येही साल 0000 म्हणजे इसपू १ च धरतात. फायदा एवढाच की मग सांधा वगैरे लक्षात ठेवायला नको, सरळ वजाबाकी. १४ वजा उणे ६२ बरोबर ७६. कागदावरची लीप वर्षंही नीट बसतात, ०, उणे ४, उणे ८ सगळ्यांना चारने भाग जातो. इसपूत लिहिलंत तर तीच वर्षं १, ५, ९ होतात आणि नियम विचित्र दिसतो.

पानउलटी, तुमच्या शीटला हेच करा. मूळ साल आहे तसं ठेवा, शेजारी एक कॉलम वाढवा. समजा B मध्ये जन्मसाल आणि C मध्ये मृत्यूसाल, दोन्ही इसपू असेल तर मायनस. D आणि E मध्ये महिना-दिवस एकत्र, म्हणजे २३ सप्टेंबरला 923 आणि १९ ऑगस्टला 819 :

```
F2:  =IF(B2<0,B2+1,B2)
G2:  =IF(C2<0,C2+1,C2)
H2:  =G2-F2-IF(E2<D2,1,0)
```

सीझर, क्लॉडियस, ऑगस्टस, हेड्रियन चौघेही बसतील. एक्सेलचा तारखेचा फॉरमॅट मात्र वापरू नका, त्याचं कॅलेंडर १९०० पासून सुरू होतं, त्याआधीचं काही टाकलं की तो नुसता मजकूर समजतो.

---

बॅकएंडवाला :
+१. फक्त एक धोका. डबल कन्व्हर्जन. कुठून तरी डाउनलोड केलेला डेटा आधीच खगोली पद्धतीत असेल आणि तुम्ही परत +१ केलंत तर एक साल उलट्या बाजूला चुकेल. उणे ४३ लिहिलेलं दिसलं तर ते इसपू ४३ का इसपू ४४ हे नुसतं बघून कळत नाही.

---

खगोलवेडा :
खरंय. मी काय करतो, डेटात एखादी पक्की माहीत असलेली घटना शोधतो. सीझरचा खून उणे ४३ ला असेल तर खगोली, उणे ४४ ला असेल तर साधा. ग्रहणांच्या यादीत थेलीसच्या नावाने सांगतात ते २८ मे इसपू ५८५ चं ग्रहण बघा, नासाच्या यादीत ते -0584 असं दिसेल. आणि सालाच्या कॉलममध्ये एक जरी ० सापडला तर प्रश्नच मिटला, साध्या पद्धतीत ० येऊच शकत नाही. (रिकाम्या जागी कोणी ० भरून ठेवला नसेल तर! तेही बघितलंय.)

---

गणूमामा :
तुम्ही सगळे रोमात अडकलात. आपल्या आर्यभटाने स्वतःच हिशोब देऊन ठेवलाय की. आर्यभटीयात तो म्हणतो, साठ वर्षांची साठ आवर्तनं झाली, म्हणजे कलियुगाची ३६०० वर्षं सरली, तेव्हा माझ्या जन्माला २३ वर्षं झाली होती. कलियुगाचा आरंभ धरतात इसपू ३१०२, आणि हे ३६०० वर्षं सरल्याचं साल येतं इस ४९९. आता करा बेरीज, ३१०२ अधिक ४९९ म्हणजे ३६०१, वजा एक, ३६००! वजा एक केलं नाही तर आर्यभट खोटा पडतो.

---

सरळसोट :
मामा मस्तच. पण आता वाढदिवसाचं पण बघायला पाहिजे ना? कलियुग १८ फेब्रुवारीला सुरू झालं म्हणतात आणि हे ४९९ चं मार्चमध्ये आहे बहुतेक.

---

गणूमामा :
आहे, २१ मार्च ४९९. फेब्रुवारी उलटून गेलाय म्हणजे आणखी एक कापायचं कारण नाही. पण तो वरचा महिना कुठून आला ते मला सांगता येणार नाही, ३६०० बरोबर सरले तर १८ फेब्रुवारीच यायला हवा होता. खगोलवेडा?

---

खगोलवेडा :
तारखा ज्युलियन कॅलेंडरच्या आहेत. ज्युलियन वर्ष ३६५.२५ दिवसांचं. आर्यभटाचं वर्ष त्याहून किंचित मोठं, ३६५.२५८६८ च्या आसपास. फरक दिसायला नगण्य, पण ३६०० ने गुणा, साधारण ३१ दिवस होतात. १८ फेब्रुवारीत ३१ दिवस मिळवा, ४९९ हे लीप वर्ष नाही, २१ मार्च येतं. म्हणजे त्याची ३६०० वर्षं पूर्णच आहेत, फक्त ज्युलियन कॅलेंडरची ३६०० वर्षं आणि वर एक महिना.

यातून एक गोष्ट निघते. सालांचं अंतर "वजा एक" ने निघतं, पण दिवसांपर्यंत जायचं असेल तर कुठलं वर्ष, कुठलं कॅलेंडर हे विचारावं लागतं. ऑगस्टसच्या बाबतीतही तसंच. तो जन्मला तेव्हा ज्युलियन कॅलेंडर यायचंच होतं, ते आलं इसपू ४५ ला. त्यानंतरही पुजाऱ्यांनी लीप वर्ष चारऐवजी दर तीन वर्षांनी घ्यायचा घोळ घातला, तो खुद्द ऑगस्टसनेच निस्तरला. त्यामुळे तो एकूण किती दिवस जगला हे विचाराल तर माझ्याकडे एक आकडा नाही.

---

जुनीपोथी :
म्हणूनच स्वेटोनियसचे ३५ दिवस हे फक्त ऑगस्ट ते सप्टेंबरच्या पट्ट्यातले आहेत, तेवढ्यापुरते बिनधोक.

जाता जाता, ही चूक मोठमोठ्या समारंभांतही झालीये का यावर वाद घालता येईल. रोमन कवी व्हर्जिलचा जन्म १५ ऑक्टोबर इसपू ७०. इटलीत त्याची द्विसहस्राब्दी १९३० ला साजरी झाली. ७० अधिक १९३० वजा एक म्हणजे १९९९ च. दोन हजार पूर्ण व्हायला १९३१ उजाडायला हवं होतं.

---

टिवल्याबावल्या :
पण २००० वं वर्ष लागलं १९३० ला असं म्हटलं तर? साठावं लागलं की पण लोक साजरं करतातच की.

---

जुनीपोथी :
म्हणता येतं. पण मग त्यांनी तसा विचार करून केलं का नुसती बेरीज करून केलं हा प्रश्न उरतो, आणि मला बेरीज वाटते. ऑगस्टसच्या वेळी मात्र मजा झाली. मुसोलिनीच्या राजवटीतलं मोठं प्रदर्शन २३ सप्टेंबर १९३७ ला उघडलं आणि २३ सप्टेंबर १९३८ ला संपलं. २००० वं वर्ष लागल्यापासून पूर्ण होईपर्यंत, दोन्ही पक्ष खूश.

---

सरळसोट :
मला तर १९३० पण बरोबरच वाटतंय. वर्ष लागलं की साजरं, त्यात काय. मॅरेथॉनच्या लढाईला २५०० वर्षं झाली म्हणून अथेन्समध्ये २०१० ला शर्यत झाली, ती पण इसपू ४९० म्हणजे तुमच्या हिशोबाने २०११ लाच हवी होती. सगळे चुकले का मग?

---

बॅकएंडवाला :
हो :D

---

पानउलटी :
तुमचं चालू द्या. शीट जुळलं! टायबेरियस पण टाकला, १६ नोव्हेंबर इसपू ४२ ते १६ मार्च इस ३७, आधी ७९ येत होते आता ७७ आणि पुस्तकातही ७७. सगळ्यांचे खूप आभार.

आता लेखकांची यादी घेतलीये आणि लिव्हीवर अडले. इसपू ५९ ते इस १७ एवढंच मिळतं, महिना-दिवस काहीच नाही. D, E रिकामे ठेवले तर शीट ७५ देतंय.

---

जुनीपोथी :
रिकाम्या जागा दोन्हीकडे सारख्या, म्हणून एक कापला जात नाही आणि ७५ येतं. ते खात्रीचं नाही. वाढदिवसानंतर गेला असेल तर ७५, आधी गेला असेल तर ७४. "७४ किंवा ७५" असंच लिहा. आणि ओव्हिड घेणार असाल तर त्याचा जन्म २० मार्च इसपू ४३ पक्का, पण मृत्यू इस १७ का १८ यातच एकमत नाही, तिथे ५८ पासून ६० पर्यंत काहीही येऊ शकतं.

---

पानउलटी :
म्हणजे वयाच्या कॉलममध्ये आता मजकूर येणार आणि माझा सरासरी वयाचा ग्राफ बोंबलणार. किमान आणि कमाल असे दोन कॉलम करू का?

---

खगोलवेडा :
करा. तारीख माहीत नसलेल्यांना कमाल म्हणजे G वजा F, आणि किमान त्याहून एक कमी. मृत्यूचं साल पण नक्की नसेल तर उशिराच्या सालाने कमाल काढा, आधीच्या सालाने किमान.